खूप दिवस न वापरल्यामुळे सिम बंद पडलं? तोच नंबर परत चालू करायचा तर काय करायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

पहिले एक काम करा, आत्ता जे काही करायला निघालात ते थांबवा. नवीन नंबर घेऊ नका, जुनं सिम फेकू नका, आणि ज्या फोनमध्ये त्या नंबरचं व्हॉट्सॲप अजून चालू आहे तो फोन रिसेट तर बिलकुल करू नका. बंद पडलेला नंबर बऱ्याचदा परत मिळतो, पण त्याला एक मुदत असते आणि ती मुदत तुम्ही काही केलं नाही तरी संपत असते. बहुतेक लोक पहिले चार-पाच दिवस सिम पुसून परत घालण्यात आणि फोन चालू-बंद करण्यात घालवतात.

हे सगळं मी माझ्या ताईच्या नंबरवरून शिकलो. तिचा नंबर तेरा-चौदा वर्षं जुना, बँक, विमा, मुलांची शाळा सगळीकडे तोच दिलेला. प्लॅन संपला 6 जानेवारीला, रिचार्ज करायचा राहिला, आणि तिला काही कळलंच नाही कारण तिचं व्हॉट्सॲप घरच्या वायफायवर मस्त चालू होतं, कॉलही व्हॉट्सॲपवरच. तिच्या दृष्टीने नंबर रोज वापरात होता. मे महिन्यात तिने नवा फोन घेतला, व्हॉट्सॲपने ओटीपी मागितला आणि तो काही केल्या येईना, तेव्हा लक्षात आलं की सिम मेलंय.

इथेच मुख्य गैरसमज आहे. व्हॉट्सॲप वायफायवर चाललं तर तुमच्या सिम कंपनीला त्याचा पत्ताच नसतो. कंपनीला वापर दिसतो तो फक्त तिच्या टॉवरवरून झालेला, म्हणजे कॉल, एसएमएस, मोबाईल डेटा किंवा रिचार्ज. कुठे इनकमिंग कॉलही वापर धरतात, कुठे फक्त पैसे कापले जातील असाच वापर धरतात, हे देशानुसार आणि प्लॅननुसार बदलतं. भारतात दूरसंचार नियामक ट्रायचा 2013 पासूनचा नियम असा आहे की 90 दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद करता येतो, खात्यात ठराविक किमान बॅलन्स असेल तर तो कापून मुदत वाढते, आणि बंद केल्यावर परत चालू करून घ्यायला 15 दिवसांचा ग्रेस पिरियड असतो. दुसरीकडे हे आकडे वेगळे असतील, पण पायऱ्या मात्र जवळपास सगळीकडे सारख्याच.

नंबर नेमका कुठल्या पायरीवर आहे

"सिम बंद झालं" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या परिस्थिती असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी आपण कुठे आहोत ते ओळखायचं.

पहिली पायरी म्हणजे नुसती सेवा थांबवलेली असते. आधी आउटगोइंग बंद होतं, मग काही दिवसांनी इनकमिंग. सिमला रेंज दिसते, वरती कंपनीचं नाव पण दिसतं, फक्त कॉल लागत नाही. इथे साधा रिचार्ज पुरतो, सिम बदलायची गरज नसते.

दुसरी पायरी म्हणजे कंपनीने नंबर कायमचा बंद केला पण अजून कोणाला दिला नाही. बंद झालेला नंबर लगेच बाजारात सोडत नाहीत, काही दिवस तसाच पडून ठेवतात, जेणेकरून जुन्या माणसाचे फोन नव्या माणसाला जाऊ नयेत. भारतात हा काळ कमीत कमी 90 दिवस, अमेरिकेत कमीत कमी 45 दिवस आहे. तुमची खरी संधी ही या काळात असते, आणि हा लेख मुख्यतः याच पायरीबद्दल आहे.

तिसरी पायरी म्हणजे नंबर दुसऱ्या कोणाच्या नावावर गेला. मग तो परत मिळत नाही, त्याचं वेगळं काम असतं, ते शेवटी सांगतो.

आता ओळखायचं कसं. सिम फोनमध्ये घाला, फोन पूर्ण बंद करून चालू करा आणि दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर यातलं काहीतरी येतं:

```
SIM not provisioned MM#2
SIM not allowed MM#3
Phone not allowed MM#6
```

लोक हा मेसेज बघून लगेच पुसून टाकतात, पण त्यातला आकडा फार कामाचा आहे. हा आकडा फोनने स्वतःच्या मनाने काढलेला नसतो, फोन नेटवर्कला "मला आत घ्या" म्हणतो तेव्हा नेटवर्क नाही म्हणताना जे कारण देतं त्याचा तो नंबर असतो. 2 म्हणजे या सिमची ओळख कंपनीच्या ग्राहकांच्या मुख्य यादीत सापडत नाही. 3 म्हणजे हे सिम नेटवर्कला चालत नाही, ओळखीची तपासणी फसली तरी हे येतं. आणि 6 म्हणजे सिमचा प्रश्न नाही, हा फोनच ब्लॉक केलेला आहे, तेव्हा सिमच्या मागे लागायच्या आधी दुसऱ्या फोनमध्ये टाकून बघा.

बंद पडलेल्या सिमवर सगळ्यात जास्त दिसतो तो 2. आयफोनवर किंवा इतर फोनवर असा आकडा न येता नुसतं `No Service` किंवा `SOS` येतं, किंवा वरच्या बारमध्ये फक्त इमर्जन्सी कॉल लिहिलेलं असतं. त्यावरून पक्कं काही कळत नाही, म्हणून अजून दोन चाचण्या करा. हेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला, आणि दुसरं चालू सिम या फोनमध्ये घाला. दुसरं सिम चाललं आणि हे कुठेच चाललं नाही तर दोष फोनचा नाही. आणि "सिम कार्ड घातलेलं नाही" असा मेसेज येत असेल तर तो वेगळा प्रकार, तिथे फोनला कार्ड वाचताच येत नाहीये, म्हणजे कार्ड खराब किंवा ट्रेमध्ये नीट बसलं नाही, नंबर बंद झालेला असेलच असं नाही.

मग दुसऱ्या कोणाच्या फोनवरून तुमच्या नंबरला कॉल लावा आणि टेप काय बोलते ते नीट ऐका. "स्विच ऑफ आहे" किंवा "संपर्क क्षेत्राबाहेर आहे" म्हणाली तर नंबर कंपनीच्या यादीत अजून जिवंत असण्याची शक्यता जास्त, म्हणजे पहिली पायरी. "हा नंबर अस्तित्वात नाही" किंवा "तपासून पहा" म्हणाली तर बहुतेक दुसरी पायरी. आणि रिंग गेली, कोणीतरी अनोळखी माणसाने उचलला, तर तिसरी. हा कॉल दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या कंपनीच्या नंबरवरून करा, कारण एका कंपनीची टेप नेहमी खरं बोलते असं नाही.

ताईच्या बाबतीत स्क्रीनवर MM#2 होतं आणि टेप म्हणत होती नंबर अस्तित्वात नाही. म्हणजे दुसरी पायरी, हे आम्हाला घरी बसूनच कळलं होतं, फक्त किती दिवस उरलेत ते कळत नव्हतं.

जुनं कार्ड का चालणार नाही

हे समजून घेतलं की पुढचा अर्धा गोंधळ होतच नाही. आपण नंबर म्हणतो तो सिममध्ये नसतो. सिम कार्डात असते एक वेगळी ओळख, पंधरा आकड्यांपर्यंतची, तिला आयएमएसआय म्हणतात, आणि त्यासोबत एक गुप्त किल्ली जी कार्डाबाहेर कधीच येत नाही. तुमचा फोन नंबर कंपनीच्या मोठ्या यादीत त्या ओळखीसमोर लिहिलेला असतो, बस. नंबर कायमचा बंद केला की कंपनी त्या यादीतली ओळच काढून टाकते. मग कार्ड कितीही चांगलं असलं, नवंकोरं दिसत असलं, तरी नेटवर्कच्या दृष्टीने त्याच्यामागे कोणीच नाही.

म्हणून कायमच्या बंद झालेल्या नंबरसाठी सहसा त्याच नंबरचं नवीन सिम घ्यावं लागतं. नवीन कार्ड, नवीन ओळख, आणि यादीत त्या ओळखीसमोर तुमचा जुना नंबर परत लिहिला जातो. आणि म्हणूनच अशा नंबरवर रिचार्ज मारून काही होत नाही. उलट कुठल्या तरी ॲपवरून रिचार्ज मारला आणि नंबर दुसऱ्याला गेलेला असला तर पैसे त्या माणसाच्या खात्यात जमा. रिचार्ज करायचा तो कंपनीने "करा" म्हटल्यावरच.

आणखी एक बारीक गोष्ट. नेटवर्कने 2 किंवा 3 कारण देऊन नकार दिला की फोन ते सिम "निकामी" म्हणून मनात धरून ठेवतो आणि परत प्रयत्नच करत नाही, फोन बंद होईपर्यंत किंवा सिम बाहेर काढेपर्यंत. नियमच तसा आहे. तर कंपनीने त्यांच्या बाजूने सगळं चालू केलं तरी तुमच्या फोनवर ते दिसणार नाही, जोवर तुम्ही फोन पूर्ण बंद करून चालू करत नाही. फ्लाइट मोड चालू-बंद करून भागेलच असं नाही. माझ्या माहितीतल्या दोन जणांनी नंबर चालू झालेला असताना दिवसभर कस्टमर केअरशी भांडण केलंय निव्वळ यापायी.

जायच्या आधी काय जमवायचं

सगळ्यात आधी हे ठरवा की नंबर नेमका कोणाच्या नावावर आहे. वापरणारा कोण हे कंपनी बघत नाही. ताईचा नंबर घेतला होता दाजींनी, लग्नानंतर लगेच, त्यांच्या कागदपत्रांवर, आणि हे दोघंही विसरून गेले होते. ताई स्वतःचं ओळखपत्र घेऊन गेली, तासभर थांबली आणि हात हलवत परत आली. आमचा पूर्ण एक दिवस यात गेला. जुना नंबर असेल तर घरात विचारा, वडिलांनी घेतला होता का, भावाने घेतला होता का, ऑफिसकडून मिळाला होता का. ज्याच्या नावावर आहे त्या माणसाने स्वतः, स्वतःचं मूळ ओळखपत्र घेऊन जायचं. ऑफिसचा नंबर असेल तर कंपनीच्या दृष्टीने ग्राहक तुमचं ऑफिस आहे, तिथून पत्र लागेल. आणि ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती हयात नसेल तर आधी नाव बदलायचं काम, मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारे कागद, आणि हे बंद नंबरवर करून देतात की नाही हे आधी फोनवर विचारूनच जा.

जुनं सिम जवळ ठेवा. त्याच्या मागे 89 ने सुरू होणारा लांबलचक आकडा असतो, एकोणीस-वीस अंकी, काही कार्डांवर तो तुटक छापलेला असतो. तो एका कागदावर लिहून घ्या. नंबर तुमच्याकडे होता याचा हा एक पुरावा आहे. त्याच्यासोबत शेवटच्या रिचार्जचा मेसेज किंवा पेमेंट ॲपमधली नोंद, तारखेसकट, आणि त्या नंबरवरून नेहमी ज्यांना फोन जायचे असे चार-पाच नंबर. हे शेवटचं लोकांना विचित्र वाटतं, पण ओळख पटवताना काही ठिकाणी हेच विचारतात. आणि एक चालू नंबर संपर्कासाठी, शक्यतो ज्याच्या नावावर सिम आहे त्याचाच.

तो लांब आकडा काउंटरवर सांगायचा, फोनवर आपणहून आलेल्या माणसाला कधीच नाही. "तुमचं सिम बंद होतंय, चालू ठेवायला कार्डामागचा नंबर सांगा, आलेला ओटीपी सांगा" असे कॉल येतात, ते तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर ओढून घ्यायला. नंबर चालू करायची गरज तुम्हाला आहे, त्यामुळे फोन तुम्ही लावणार, कंपनीच्या ॲपमधल्या किंवा अधिकृत साइटवरच्या नंबरवर. सर्चमध्ये वरती आलेल्या कुठल्याही कस्टमर केअर नंबरवर लावू नका.

काय बोलायचं, कोणत्या शब्दात बोलायचं

"माझं सिम बंद आहे, चालू करा" असं बोललात तर समोरचा माणूस यंत्रासारखा तीच उत्तरं देतो, रिचार्ज करा, सिम पुसा, नवीन नंबर घ्या. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर तुमच्या नंबरची स्थिती लिहिलेली असते, तुम्हाला ती त्याच्याकडून काढून घ्यायची आहे. म्हणून सरळ विचारा, हा नंबर तात्पुरता बंद आहे की कायमचा बंद केलाय. कायमचा असेल तर कोणत्या तारखेला केला. आणि तो दुसऱ्याला देण्यासाठी मोकळा कधी होणार. चौथा प्रश्न, मूळ ग्राहकाला तोच नंबर परत देण्याची विनंती तुमच्याकडे कशी नोंदवतात. यातली नंबर मोकळा होण्याची तारीख सगळ्यात महत्त्वाची, बाकी सगळी धावपळ तिच्यावरून ठरते.

ताईला पहिल्या काउंटरवर सांगितलं की नंबर गेला, विसरा, नवीन घ्या. दुसऱ्या दिवशी दाजी गेले आणि त्यांनी हेच चार प्रश्न विचारले, तर उत्तर मिळालं की नंबर 22 एप्रिलला कायमचा बंद झाला आणि तो 90 दिवस राखून ठेवलेला आहे. मी घरी कॅलेंडरवर मोजलं, 21 जुलैपर्यंत. दाजी गेले तो दिवस होता 20 मे, म्हणजे हातात दोन महिने होते. पहिल्या माणसाने खोटं बोललं असं मी म्हणणार नाही, त्याच्याकडे साधं सिम बदलायचा फॉर्म होता आणि तो फॉर्म बंद नंबर घेत नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी तो विषय संपला. बंद नंबर परत जोडायची विनंती बऱ्याचदा वेगळ्या टीमकडे जाते आणि काउंटरवरच्या प्रत्येकाला ती वाट माहीत नसते. तुम्हाला एकाने नाही म्हटलं तर मोठ्या शाखेत जा किंवा लेखी तक्रार टाका.

विनंती नोंदवली की तिचा नंबर घ्या आणि तारखेसकट लिहून ठेवा. तोंडी "होऊन जाईल" वर निघून येऊ नका, कारण पुढे वरच्या पातळीवर अपील करायची वेळ आली तर त्यांना पहिला तक्रार क्रमांक लागतो, तो नसला तर सगळं पहिल्यापासून.

एक प्रकरण वेगळं आहे, त्यात लोक नेहमी अडकतात. तुम्ही तो नंबर पूर्वी एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून नेला होता का? तसं असेल तर नंबर कायमचा बंद झाल्यावर काही काळाने तो ज्या कंपनीला मुळात मिळाला होता तिच्याकडे परत जातो. म्हणजे तुमची आत्ताची कंपनी म्हणते आमच्याकडे हा नंबर नाही, आणि ते खरंच असतं. तेव्हा दोन्हीकडे विचारा, आधी जिथे शेवटी चालू होता तिथे आणि मग मूळ कंपनीकडे. आणि बंद पडलेला नंबर "आम्ही पोर्ट करून चालू करून देतो" असं कोणी म्हणालं तर ते होत नाही, पोर्ट करायला नंबर आधी चालू असावा लागतो.

नवीन सिम हातात आल्यावर

मंजुरी मिळाली की परत ओळख तपासतात, नवीन कार्ड देतात किंवा ईसिम असेल तर क्यूआर कोड देतात. ईसिमचा कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो, म्हणून घाईघाईत कुठल्यातरी हाताशी असलेल्या फोनवर स्कॅन करू नका, ज्या फोनमध्ये ठेवायचंय त्यातच करा आणि वायफाय चालू असताना करा.

कार्ड घातल्या घातल्या रेंज येईलच असं नाही. काही वेळा मिनिटांत येते, काही वेळा पूर्ण दिवस जातो. ताईचं कार्ड दुपारी बाराला घातलं, संध्याकाळी पाचपर्यंत काहीच नाही, मग फोन बंद करून चालू केला आणि कंपनीचं नाव आलं. दर तासाने एकदा रिस्टार्ट करा, सतत नको. चोवीस तास होऊन गेले तर मात्र विनंती क्रमांक देऊन फोन लावा.

रेंज आली म्हणजे काम झालं असं समजू नका, एकेक गोष्ट तपासा. आधी बाहेर एक कॉल करा, मग कोणाला तरी तुमच्या नंबरवर कॉल करायला सांगा, आणि तो दुसऱ्या कंपनीच्या नंबरवरून करायला सांगा, कारण कधी कधी स्वतःच्या कंपनीतून कॉल लागतो आणि बाहेरच्या कंपन्यांकडे अजून जुनी माहिती असते. मग एसएमएस पाठवून बघा. एसएमएस येतात पण जात नाहीत असं झालं तर फोनमध्ये मेसेज सेंटरचा नंबर चुकीचा किंवा रिकामा असतो, तो कस्टमर केअरकडून विचारून मेसेजच्या सेटिंगमध्ये टाका. डेटा चालत नसेल तर वायफाय बंद करून एपीएन म्हणजे मोबाईल इंटरनेटची सेटिंग बघा, रिसेट टू डिफॉल्ट केलं की बहुतेक येतं.

जुनी कॉल फॉरवर्डिंग सेटिंग तशीच राहिलेली नाही ना, हे पण एकदा बघा, डायल करून:

```
*#21#
```

अनोळखी नंबर दिसला तर लगेच बंद करून घ्या.

आता ओटीपी. हे सगळं करूनही बँकेचा ओटीपी आला नाही तर घाबरू नका. सिम बदललं की फसवणूक टाळायला काही तास मुद्दाम एसएमएस अडवून ठेवतात, भारतात नवीन सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे, आणि काही बँका स्वतःच्या बाजूने पण सिम बदललं का हे तपासून व्यवहार थोडे दिवस थांबवतात. ताईला कॉल त्याच संध्याकाळी चालू झाले आणि पहिला ओटीपी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. तोवर पुन्हा पुन्हा ओटीपी मागत बसू नका, जास्त वेळा मागितला तर खातं लॉक होतं आणि एक नवीन काम वाढतं.

व्हॉट्सॲप सगळ्यात शेवटी. ज्या जुन्या फोनवर ते अजून चालू आहे त्यातून आधी बॅकअप घ्या, मग नवीन फोनवर नंबर टाका. टू स्टेप पिन लावलेला असेल आणि आठवत नसेल, ईमेल पण जोडलेला नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं. आणि ज्यांचं व्हॉट्सॲप सुद्धा बंद होतं त्यांच्यासाठी, 120 दिवस खातं वापरलं नाही तर व्हॉट्सॲप ते सहसा काढून टाकतं. नंबर परत मिळाला म्हणून जुन्या चॅट आपोआप परत येतात असं नाही, त्या फोनमध्ये किंवा बॅकअपमध्ये असतील तरच.

नंबर दुसऱ्याला गेला असेल तर

मग कंपनीशी भांडून उपयोग नाही, तो माणूस रीतसर ग्राहक आहे. त्याला फोन करून विनंती करणं ठीक, पण ओटीपी सांग म्हणून रोज फोन करू नका. इथे काम उलट्या दिशेने करायचं, नंबर आपल्याकडे आणायचा नाही तर आपली सगळी खाती त्या नंबरपासून सोडवायची, आणि ते त्याच दिवशी सुरू करायचं. 2021 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांचे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले 259 नंबर तपासले, त्यातले 171 नंबर अजून कोणाच्या तरी ऑनलाइन खात्यांना जोडलेले होते. म्हणजे नवा मालक नुसतं पासवर्ड विसरलो म्हटला तरी आत शिरू शकेल अशी अवस्था.

क्रम असा ठेवा की पहिला ईमेल, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड त्यातून बदलता येतात. अजून लॉगिन असाल तर लगेच सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरी नंबर बदला, लॉगआउट होऊ नका. मग बँक, तिथे शाखेत स्वतः जाऊन अर्ज द्यावा लागतो, जुन्या नंबरवर ओटीपी येत नाही हे सांगा म्हणजे ते ओटीपीशिवायचा फॉर्म काढतात. मग सरकारी ओळखपत्रांना जोडलेला नंबर, मग पेमेंट ॲप, मग बाकी. व्हॉट्सॲपमध्ये अजून आत असाल तर त्यातच नंबर बदला असा पर्याय आहे, त्याने चॅट आणि ग्रुप नव्या नंबरवर जातात. पण नव्या माणसाने त्याच्या फोनवर व्हॉट्सॲप चालू केलं की तुम्ही बाहेर पडता, म्हणून हे पहिल्या दिवशीच करा.

ताईचा नंबर तोच राहिला. आता ती दर महिन्याच्या एक तारखेला वायफाय बंद करते आणि त्या सिमवरून मला एक साधा कॉल आणि एक एसएमएस करते, प्लॅन संपायच्या पाच दिवस आधीचा रिमाइंडर तिच्या आणि दाजींच्या दोघांच्या फोनमध्ये लावलाय, आणि नंबर दाजींच्या नावावरून तिच्या नावावर करायचा अर्ज पण दिलाय.